इंग्रजी जर्नलमधल्या लेखाच्या फोटोवरून सोप्या मराठीत सारांश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छापील जर्नलच्या पानाचा फोटो हातात आहे आणि त्यातला एक विभाग मराठी वाचकाला सोप्या भाषेत सांगायचा आहे, पण तांत्रिक संज्ञा इंग्रजीच ठेवायच्या आहेत. अशा वेळी नेहमी अडणाऱ्या गोष्टींची उत्तरं इथे आहेत. सर्वांत जास्त चुका ‘रिझल्ट्स’ विभागात होतात, म्हणून भर त्याच विभागावर आहे. उदाहरण सगळीकडे एकच घेतलं आहे: कोविडच्या रुग्णांना डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड औषध देऊन पाहणारी ब्रिटनमधली ‘रिकव्हरी’ ट्रायल. तिचा लेख न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २०२० साली ऑनलाइन आणि २०२१ साली छापील अंकात आला.

फोटोत फक्त तो विभाग आला तर पुरे का?

पुरत नाही. रिझल्ट्समधली वाक्यं आधीच्या ‘मेथड्स’ विभागावर उभी असतात. ‘प्रायमरी आउटकम’ एवढंच लिहून लेखक पुढे जातात, कारण तो आउटकम काय होता हे त्यांनी दोन पानं आधी सांगितलेलं असतं. म्हणून किमान चार गोष्टींचे फोटो जवळ हवेत: सारांशासाठी निवडलेला विभाग, त्यात उल्लेख असलेले टेबल आणि आकृत्या त्यांच्या तळटिपांसह, मेथड्समधला आउटकमची व्याख्या देणारा परिच्छेद, आणि लेखाचं पहिलं पान. पहिल्या पानावर शीर्षक, वर्ष आणि अ‍ॅबस्ट्रॅक्ट असतो. विभागातला एखादा आकडा अंधुक निघाला तर बऱ्याचदा तोच आकडा अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये स्वच्छ सापडतो.

प्रत्येक फोटोत पानाचा क्रमांक दिसू द्या. आठवड्याभराने सात फोटो एकत्र उघडल्यावर याची किंमत कळते.

फोटो किती स्पष्ट हवा?

मुख्य मजकूर वाचता येतो म्हणजे फोटो चांगला, असं समजू नका. टेबलाखालची तळटीप वाचता आली पाहिजे, कारण ती सर्वांत लहान टाइपात असते. मजकूर ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी साधारण ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल लागतात, आणि माणसाच्या डोळ्यांनाही हेच माप सोयीचं पडतं. ए-फोर पानाची उंची जवळपास पावणेबारा इंच असते, म्हणजे उभ्या बाजूला सुमारे ३,५०० पिक्सेल हवेत. १२ मेगापिक्सेलच्या फोटोची लांब बाजू साधारण ४,००० पिक्सेलची असते. पानाने पूर्ण चौकट भरली तर हिशोब जमतो. पान चौकटीच्या मध्यावर छोटंसं आणि भोवती नुसतं मेज दिसत असेल तर जमत नाही, मग कॅमेरा कितीही महागडा असो.

फोन पानाला समांतर धरा. गुळगुळीत कागदावर फ्लॅश टाळा, कारण चकाकीचा पांढरा डाग नेमका एखाद्या आकड्यावर पडतो. जाड बांधणीच्या अंकात शिवणीकडची अक्षरं आत वळतात आणि दबतात, तेव्हा दोन पानं एका फोटोत घेण्याचा मोह आवरून प्रत्येक पान वेगळं घ्या. फोटो मेसेजिंग अ‍ॅपवरून पाठवायचा असेल तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला की अ‍ॅप त्याचा आकार कमी करतं आणि आधी वाचता येत असलेली तळटीप पलीकडे पोचेपर्यंत धूसर होते.

दोन कॉलमच्या पानावर वाक्यं एकमेकांत मिसळतात. काय करावं?

डोळ्यांनी वाचताना हा घोळ क्वचित होतो. सॉफ्टवेअरने मजकूर उतरवून घेताना मात्र बऱ्याचदा होतो: डाव्या कॉलमची ओळ संपली की ते सरळ उजव्या कॉलममध्ये घुसतं. उपाय साधा आहे. फोटो कॉलमप्रमाणे कापून दोन वेगळ्या फाइली करा आणि प्रत्येकीतून मजकूर स्वतंत्र काढा. मजकूर ओळखणारं टेसरॅक्ट हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर कापलेल्या एका कॉलमसाठी हा आदेश चालतो:

```
tesseract column1.jpg column1 -l eng --psm 6
```

यातला ६ हा आकडा ‘हा मजकुराचा एकसंध ठोकळा आहे’ एवढंच सांगतो. टेबल मात्र कधीही असं उतरवू नका. त्यातले रकाने सरकतात आणि एका गटाचा आकडा दुसऱ्याच्या नावावर जातो. टेबलातले हवे तेवढे आकडे हाताने लिहून घेणंच बरं.

आकडे वाचताना सर्वांत जास्त चुका कुठे होतात?

तीन आणि आठ, एक आणि सात यांची गल्लत सगळ्यांना माहीत असते. तिच्यापेक्षा घातक चुका चिन्हांच्या असतात.

पहिली चूक संदर्भ-क्रमांकाची. वाक्याच्या शेवटी, ओळीच्या किंचित वर, बारीक टाइपात संदर्भाचा आकडा छापलेला असतो. फोटोवरून उतरवताना तो खाली येतो आणि आधीच्या संख्येला चिकटतो. मग ०.८३ आणि संदर्भ १२ मिळून ०.८३१२ तयार होतं. एखाद्या लेखात बाकी सगळे रेशो, म्हणजे दोन गटांच्या आकड्यांचे भागाकार, दोन दशांशांपर्यंत असताना एकच चार दशांशांचा दिसला, तर आधी हीच शंका घ्या. याच कारणाने दहाचा पाचवा घात उतरवताना १०५ होऊन बसतो.

दुसरी चूक दशांश-चिन्हाची. लॅन्सेटसारख्या जर्नलमध्ये दशांश-चिन्ह ओळीच्या मध्यावर छापतात. फोटोत हा ठिपका फिका पडला की ०.८३ चा आकडा नुसता ०८३ दिसतो किंवा मध्ये मोकळी जागा पडते.

तिसरी चूक आडव्या रेघेची. दोन आकड्यांमधली रेघ ‘पासून-पर्यंत’ दाखवते, आकड्याच्या आधीची रेघ वजाबाकीचं चिन्ह असते. रक्तदाबातला बदल किंवा वजनातली घट सांगणाऱ्या लेखांत ही गल्लत सगळा अर्थच उलटा करते. म्हणून मराठी सारांशात पल्ला लिहिताना रेघ वापरूच नये, ‘०.७५ ते ०.९३’ असं शब्दाने लिहावं.

मायक्रोग्रॅम आणि मिलिग्रॅम यांचं तर सांगायलाच नको. एका अक्षराच्या शेपटीचा फरक, पण डोस हजारपट बदलतो.

आकडा बरोबर वाचला आहे हे मूळ लेख पुन्हा न मिळवता तपासता येतं का?

बऱ्याचदा येतं, आणि त्यासाठी साधा कॅल्क्युलेटर पुरतो. जर्नलमधले आकडे एकमेकांशी बांधलेले असतात. एक चुकीचा वाचला की दुसरा त्याच्याशी जुळत नाही.

रिकव्हरीच्या लेखात डेक्सामेथासोन गटात २,१०४ रुग्ण होते आणि त्यांतले ४८२, म्हणजे २२.९ टक्के, २८ दिवसांत दगावले. नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्या दुसऱ्या गटात ४,३२१ पैकी १,११०, म्हणजे २५.७ टक्के. भागाकार करून पाहा:

```
482 / 2104 = 0.229
1110 / 4321 = 0.257
```

दोन्ही जुळतात. समजा ४८२ ऐवजी ४३२ वाचलं असतं, तर उत्तर २०.५ टक्के आलं असतं आणि चूक तिथेच पकडली गेली असती.

रेशो आणि त्याचा कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे त्या आकड्याभोवतीच्या अनिश्चिततेचा पल्ला, यांच्यासाठी दुसरी युक्ती आहे. रेट रेशो, हॅझार्ड रेशो, ऑड्स रेशो यांचा इंटरव्हल सहसा लॉगच्या मापावर मोजतात. त्यामुळे इंटरव्हलच्या दोन टोकांचा गुणाकार करून वर्गमूळ काढलं की उत्तर त्या रेशोच्या अगदी जवळ येतं:

```
sqrt(0.75 * 0.93) = 0.835   (page: 0.83)
sqrt(0.51 * 0.81) = 0.643   (page: 0.64)
```

दुसऱ्या ओळीतलं ०.५१ चुकून ०.६१ वाचलं असतं तर उत्तर ०.७० आलं असतं आणि पानावरच्या ०.६४ शी पटलं नसतं. फरक शेवटच्या दशांशात एखाद्या अंकाचा असेल तर काळजी नको, ती संख्या जवळच्या अंकात बसवल्यामुळे पडणारी तफावत असते. ही युक्ती दोन सरासऱ्यांमधल्या फरकाला लागू नाही. तिथे रेशो नसतो, आणि सहसा इंटरव्हलच्या दोन टोकांची साधी सरासरी घेतली की मधला आकडा मिळतो.

कोणते शब्द इंग्रजीत ठेवायचे आणि कोणते मराठीत आणायचे?

कसोटी अशी: वाचकाला पुढे हाच शब्द दुसऱ्या लेखात, रिपोर्टमध्ये किंवा डॉक्टरांच्या तोंडी भेटणार आहे का? आणि त्या शब्दाला त्या शास्त्रात एकच नेमका अर्थ आहे का? दोन्ही उत्तरं ‘हो’ असतील तर शब्द इंग्रजीच ठेवा. रँडमायझेशन, प्रायमरी आउटकम, रेट रेशो, कॉन्फिडन्स इंटरव्हल, मीडियन ही त्यातली. औषधांची आणि तपासण्यांची नावं अर्थातच.

रिस्क, रेट आणि ऑड्स यांच्याबाबत विशेष जपून राहा. रोजच्या मराठीत तिन्हींना ‘धोका’ किंवा ‘शक्यता’ म्हणून मोकळं होता येतं, पण गणितात ती तीन वेगळी मापं आहेत. लेखात रेट रेशो असेल तर सारांशातही रेट रेशोच हवा. बायसचंही तसंच: ‘पूर्वग्रह’ लिहिलं की लेखकांच्या मनात काहीतरी काळंबेरं होतं असं वाटतं, प्रत्यक्षात तो मोजमापात एकाच दिशेने शिरलेला दोष असतो.

उलट जे शब्द फक्त भारदस्त आहेत, तांत्रिक नाहीत, ते खुशाल मराठीत आणा. बेसलाइनला ‘सुरुवातीला’, फॉलो-अपला ‘पुढे २८ दिवस लक्ष ठेवून’, मॉर्टॅलिटीला ‘मृत्यूचं प्रमाण’. सगळंच इंग्रजी ठेवलं तर वाक्यात मराठी म्हणून फक्त ‘आहे’ आणि ‘मध्ये’ उरतात. असे सारांश खूप दिसतात, आणि ज्याला ते समजतात त्याला मूळ लेखही समजलाच असता.

संज्ञा देवनागरीत लिहाव्यात की रोमन लिपीत?

सलग वाचायच्या मजकुरात देवनागरी सोयीची, कारण मराठी प्रत्यय शब्दाला थेट जोडता येतात: रँडमायझेशनच्या वेळी, प्लासिबोपेक्षा, कॉन्फिडन्स इंटरव्हलमध्ये. रोमन शब्दाला प्रत्यय जोडताना मध्ये रेघ घालावी लागते आणि वाचताना प्रत्येक वेळी अडखळायला होतं. वाचक पुढे इंग्रजीत शोधाशोध करणार असेल तर सारांशाच्या शेवटी मूळ स्पेलिंगची छोटी यादी द्या. पाचसहा संज्ञांपेक्षा मोठी झाली तर समजा की सारांशातच संज्ञा जास्त झाल्या आहेत.

एका संज्ञेचं एकच लेखन आणि एकच लिंग ठरवून घ्या. ‘तो रेशो’ एकदा म्हटलं की शेवटपर्यंत तोच. आधी ‘ट्रायल’ आणि पुढच्या ओळीत ‘चाचणी’ लिहिलं की वाचकाला दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. त्यात चाचणी म्हणजे रक्ताची तपासणीही असू शकते!

अंकांबद्दल एक सूचना. कच्च्या नोंदींत मूळ पानावरचे अंक जसेच्या तसे उतरवा आणि पक्क्या सारांशात हवं तर देवनागरी अंक करा, पण एकाच कागदावर दोन्ही मिसळू नका. देवनागरी एक आणि इंग्रजी नऊ घाईत सारखेच दिसतात.

इंग्रजी संज्ञा समजावून सांगायची तर व्याख्या किती लांब?

पहिल्यांदा येते तिथे अर्ध्या वाक्यात, आणि फक्त या लेखापुरती. ‘रँडमायझेशन, म्हणजे कोणाला औषध मिळणार हे डॉक्टरांनी न ठरवता चिठ्ठ्या टाकल्यासारखं निव्वळ योगायोगावर सोडणं’ एवढं पुरतं. ‘कसेही निवडलेले रुग्ण’ हे मात्र चूक आहे. निवड काटेकोर निकषांवर झालेली असते, योगायोगावर सोडलेली असते ती गटांतली वाटणी.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवता येईल का?

रिकव्हरीच्या रिझल्ट्समधला मुख्य भाग घेऊ. त्यात वर दिलेले मृत्यूंचे आकडे आहेत, मग एज-अ‍ॅडजस्टेड रेट रेशो ०.८३ आणि त्याचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.७५ ते ०.९३. त्यानंतर रुग्णाला रँडमायझेशनच्या वेळी श्वासासाठी कोणती मदत चालू होती, त्यानुसार तीन उपगट. इन्व्हेजिव्ह मेकॅनिकल व्हेंटिलेशनवर असलेल्यांत डेक्सामेथासोन गटात २९.३ टक्के मृत्यू, नेहमीच्या उपचारांत ४१.४ टक्के, रेशो ०.६४. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत २३.३ विरुद्ध २६.२ टक्के, रेशो ०.८२. काहीच मदत नसलेल्यांत १७.८ विरुद्ध १४.० टक्के, रेशो १.१९, इंटरव्हल ०.९२ ते १.५५.

घाईत लिहिलेला सारांश असा होतो: ‘डेक्सामेथासोनमुळे कोविडचे १७ टक्के रुग्ण वाचले. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना जास्त फायदा झाला. ज्यांना ऑक्सिजन लागला नाही त्यांना हे औषध घातक ठरलं.’ तीन छोटी, सोपी वाक्यं. पहिलं आणि तिसरं चूक, दुसरं अर्धवट.

जपून लिहिलेला असा:

‘२८ दिवसांत किती रुग्ण दगावले, हा या ट्रायलचा प्रायमरी आउटकम, म्हणजे आधीच ठरवलेला मुख्य मोजमापाचा मुद्दा होता. नेहमीच्या उपचारांबरोबर डेक्सामेथासोन मिळालेल्या २,१०४ रुग्णांपैकी ४८२ दगावले (२२.९ टक्के). नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्या ४,३२१ रुग्णांपैकी १,११० दगावले (२५.७ टक्के). दोन्ही गटांच्या वयातला फरक हिशोबात धरून काढलेला रेट रेशो ०.८३ आला (९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.७५ ते ०.९३).

हा परिणाम सगळ्यांत सारखा नव्हता. रँडमायझेशनच्या वेळी जे इन्व्हेजिव्ह मेकॅनिकल व्हेंटिलेशनवर, म्हणजे श्वासनलिकेत नळी घालून यंत्राने दिलेल्या श्वासावर होते, त्यांच्यात फरक सर्वांत मोठा होता: २९.३ टक्के विरुद्ध ४१.४ टक्के. त्या वेळी नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत तो लहान होता: २३.३ विरुद्ध २६.२. ज्यांना तेव्हा कसलीच मदत नव्हती त्यांच्यात फायदा दिसला नाही. १७.८ विरुद्ध १४.० टक्के, रेट रेशो १.१९, पण इंटरव्हल ०.९२ ते १.५५, म्हणजे या आकड्यांवरून नुकसान झालं असंही ठामपणे म्हणता येत नाही.’

‘रँडमायझेशनच्या वेळी’ आणि ‘त्या वेळी’ ही शब्दयोजना मुद्दाम ठेवली आहे. उपगट त्या क्षणीच्या स्थितीवरून पाडलेले होते. तो उल्लेख गाळला तर वाचक समजतो की पुढे ज्यांना व्हेंटिलेटर लागला तेही या गटात मोजले.

२२.९ ला २५.७ ने भागलं तर ०.८९ येतं. मग लेखात ०.८३ कसं? आपण फोटो चुकीचा वाचला का?

नाही, फोटो बरोबर वाचला आहे. या ठिकाणी चांगले सारांशकारही घसरतात आणि आकडा ‘दुरुस्त’ करून टाकतात. डेक्सामेथासोन गटातले रुग्ण सरासरीने १.१ वर्षांनी मोठे निघाले. कोविडमध्ये वय वाढलं की मृत्यूचा धोका झपाट्याने वाढतो, त्यामुळे कच्च्या टक्केवारीत औषधाचा परिणाम असतो त्यापेक्षा कमी दिसतो. लेखकांनी वयाचा हिशोब करून रेशो काढला, म्हणून त्याच्या आधी ‘एज-अ‍ॅडजस्टेड’ हा शब्द आहे. उपगटांतही हेच दिसतं: २९.३ भागिले ४१.४ म्हणजे ०.७१, पण छापलेला रेशो ०.६४.

यातून दोन गोष्टी पाळायच्या. ‘अ‍ॅडजस्टेड’ हे विशेषण सारांशातून कधीही गाळायचं नाही आणि कशासाठी अ‍ॅडजस्ट केलं तेही सांगायचं. आणि भागाकाराची पडताळणी रुग्णसंख्या व टक्केवारी यांच्यापुरतीच ठेवायची. अ‍ॅडजस्टेड रेशो कच्च्या टक्क्यांवरून तपासता येत नाही. तो तपासायचा तर वर दिलेल्या वर्गमुळाच्या युक्तीने.

रेशो ०.८३ म्हणजे ‘१७ टक्के कमी’ असं लिहिलं तर काय बिघडलं?

‘मृत्यूचा रेट १७ टक्क्यांनी कमी’ असं लिहिलं तर चालेल. ‘१७ टक्के रुग्ण वाचले’ लिहिलं तर नाही. पहिलं तुलनात्मक माप आहे: दुसऱ्या गटाचा रेट १०० धरला तर या गटाचा ८३. दुसऱ्याचा अर्थ होतो की शंभरातले सतरा जीव वाचले. प्रत्यक्षात टक्केवारी २५.७ वरून २२.९ वर आली, म्हणजे शंभर रुग्णांमागे जवळपास तीन.

सोप्या मराठीत शंभरामागे किती हे सांगणंच उत्तम, कारण ते कोणालाही समजतं. मात्र ते कच्च्या टक्केवारीवरून काढलेलं आहे हे ध्यानात ठेवून, रेशोसुद्धा शेजारी द्या. टक्क्यांमधला फरक सांगताना ‘२.८ टक्क्यांनी कमी’ लिहिलं की पुन्हा घोळ होतो. ‘२५.७ वरून २२.९ टक्के’ असे दोन्ही आकडे लिहून मोकळं व्हावं.

‘फायदा दिसला नाही’ आणि ‘फायदा होत नाही’ यात इतका फरक आहे का?

आहे, आणि मराठीत तो एका क्रियापदाने सांभाळता येतो. रेशोचा इंटरव्हल १ च्या दोन्ही बाजूंना पसरलेला असेल, जसा ०.९२ ते १.५५, तर मिळालेल्या आकड्यांशी थोडा फायदाही सुसंगत आहे आणि बराच तोटाही. म्हणून ‘दिसला नाही’, ‘आढळला नाही’ बरोबर. ‘होत नाही’ म्हटलं की फायदा नसल्याचं सिद्ध झालं असा अर्थ निघतो, आणि ‘घातक ठरलं’ म्हटलं की तोटा सिद्ध झाला असा. लेखकांनी यातलं काहीही म्हटलेलं नसतं.

‘सिग्निफिकंट’ला ‘लक्षणीय’ म्हणावं का?

रिझल्ट्स विभागात नको. तिथे त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘स्टॅटिस्टिकली सिग्निफिकंट’ असा असतो: औषधाने काहीच फरक पडत नसता तर एवढा किंवा यापेक्षा मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसणं दुर्मीळ होतं. फरक मोठा आहे किंवा रुग्णाच्या कामाचा आहे, असं तो शब्द सांगत नाही. हजारो रुग्ण असले की रक्तदाबातला एका अंकाचा फरकही सिग्निफिकंट ठरू शकतो. मराठीत ‘लक्षणीय’ वाचणारा मात्र ‘भरपूर’ असंच समजतो. म्हणून शब्द इंग्रजीत ठेवा आणि शेजारी फरक किती होता तो आकडा द्या.

‘असोसिएटेड विथ’ला ‘मुळे’ लावणं ही याचीच धाकटी बहीण. निव्वळ निरीक्षणावर आधारलेल्या लेखात ‘कॉफी पिणाऱ्यांत अमुक आजार कमी आढळला’ एवढंच लिहावं, ‘कॉफीमुळे आजार कमी होतो’ लिहू नये. रँडमायझेशन झालेल्या ट्रायलमध्ये ‘मुळे’ बऱ्याचदा चालतं, कारण गटांत फरक पडण्याची बाकीची कारणं वाटणीनेच बरीचशी बाजूला काढलेली असतात.

‘मे’, ‘माइट’, ‘सजेस्ट’ हे शब्दही भाषांतरात गळतात. मराठीत त्यांच्यासाठी ‘असावं’, ‘असू शकतं’, ‘असं सूचित होतं’ आहेत. मूळ वाक्यात जितकी शंका, तितकीच मराठीत.

फोटोत वाक्य अर्धं कापलं गेलं आहे. संदर्भावरून पूर्ण करावं का?

करू नये. कापलेल्या भागात नेमका ‘नॉट’ असू शकतो. पान पुन्हा मिळत असेल तर मिळवा. नाही मिळालं तर ते वाक्य सारांशातून सोडा आणि ‘फोटोत पुढचा भाग दिसत नाही’ अशी नोंद चौकटी कंसात करा. अंधुक आकड्यालाही हाच नियम, पडताळणीच्या हिशोबातून तो एकमेव मार्गाने निघत असेल तेवढा अपवाद.

आकृतीतला फॉरेस्ट प्लॉट सारांशात कसा सांगायचा?

फॉरेस्ट प्लॉट म्हणजे प्रत्येक उपगटाचा रेशो ठोकळ्याने आणि त्याचा इंटरव्हल आडव्या रेघेने दाखवणारी आकृती. तिच्यात आधी मधली उभी रेघ शोधा. रेशोच्या प्लॉटमध्ये ती १ वर असते. मग खालचं लेबल वाचा: कोणत्या बाजूला औषध सरस आणि कोणत्या बाजूला दुसरा गट. ही बाजू जर्नलनुसार आणि आउटकमनुसार बदलते, त्यामुळे ‘डावीकडे म्हणजे चांगलं’ अशी सवय लावून घेऊ नका, आणि फोटो काढताना खालचं लेबल कापलं जाणार नाही हे पाहा. ठोकळ्याचा आकार सहसा त्या उपगटात किती माहिती आहे ते दाखवतो, परिणामाचा मोठेपणा नाही. आडव्या रेघेची लांबी म्हणजे इंटरव्हल. सारांशात ‘आकृतीत दिसतं की’ असं म्हणून अंदाजाने आकडे देऊ नका. प्लॉटच्या उजव्या रकान्यात ते बहुधा छापलेलेच असतात.

सारांश किती लांब असावा?

दोन कॉलमच्या छापील पानावरचा एक विभाग साधारण ५०० ते ८०० शब्दांचा असेल, तर मराठी सारांश १५० ते २५० शब्दांत बसतो. त्याहून आखूड करताना आधी दुय्यम आउटकम काढा, मग उपगटांचे टक्के. मुख्य आउटकमचे दोन्ही गटांचे आकडे, रेशो, इंटरव्हल आणि ‘अ‍ॅडजस्टेड’सारखी विशेषणं शेवटपर्यंत राहू द्या. जागा इतकी कमी असेल की तीही मावत नाहीत, तर रेशो आणि इंटरव्हल दोन्ही काढून फक्त ‘२५.७ वरून २२.९ टक्के’ ठेवा. इंटरव्हलशिवाय एकटा रेशो ठेवू नका.